"पहिल्या वर्षी काय झालं होतं?" असं मुलाखतीत विचारलं तर



आज मणिबेलीच्या बाजूने आलेला एक प्रश्न घेतेय. बचत गटातल्या एका आईने विचारलंय, "पोरगी बी.एस्सी. झाली. तीन ठिकाणी बोलावणं आलं. तिन्ही ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्क बघून विचारलं, इथे काय झालं? एका ठिकाणी ती गप्प बसली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाली, मार्कांनी काय होतं. तिसऱ्या ठिकाणी धरणापासून बोटीपर्यंत सगळं सांगायला गेली आणि रडायला लागली. तिने सांगावं तरी काय?"

तिन्ही वेळा ही मुलगी खोटं बोललेली नाही, हे आधी लक्षात घ्या. तरीही तिन्ही वेळा समोरच्याला उत्तर मिळालं नाही. गप्प बसली तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी लपवतेय. "मार्कांनी काय होतं" म्हणाली तेव्हा वाटलं, बेफिकीर आहे. आणि सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, बहाणे सांगतेय. खरं बोलूनही असं का होतं, ते आज नीट पाहू.

आधी एक सांगते, म्हणजे उगाच धास्ती नको. हा प्रश्न सगळीकडे विचारला जात नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या भरतीतली मुलाखत बंद केली. आपल्याकडे तलाठ्यासारख्या पदांची निवडही लेखी परीक्षेच्या गुणांवर होते. तिथे पहिल्या वर्षी काय झालं हे विचारायला समोर कुणी बसलेलंच नसतं. पदवी पूर्ण आहे का आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत झाली का, एवढंच पाहतात. हा प्रश्न येतो तो खाजगी कंपनीत, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, सामाजिक संस्थेत, किंवा पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला मुलाखत असेल तिथे. लग्नात भेटलेली मावशीही विचारते, ती गोष्ट वेगळी. तिला "झालं गं पास" एवढं पुरे.

आता एक गुणपत्रिका मनाशी धरू. खरी कुणाची नाही, पण अशा गुणपत्रिका आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलगी मणिबेलीची. शाळा मराठीतून, आश्रमशाळेत. मग नंदुरबारला वसतिगृहात राहून बी.एस्सी. पहिल्या सत्रात रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या दोन विषयांत नापास. दुसऱ्या सत्रात पुन्हा रसायनशास्त्रात नापास. म्हणजे तीन पेपर मागे राहिले. आपण त्याला बॅक म्हणतो, कुणी एटीकेटी म्हणतं. एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसायची परवानगी. राहिलेले विषय पुन्हा फॉर्म भरून, फी भरून द्यावे लागतात. या मुलीने तिन्ही पेपर दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत काढले. पहिल्या वर्षी तिला ४६ टक्के पडले, दुसऱ्या वर्षी ५३ आणि तिसऱ्या वर्षी ६१. तिन्ही वर्षांचे मिळून ५३ टक्के.

ती आता अंकलेश्वरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला जाणार आहे, असं धरा.

तिने पहिलं काम करायचं ते उत्तर पाठ करण्याचं नाही. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि बघायच्या. बहुतेक मुली हेच टाळतात. नापासाचा कागद कपाटात खाली गेलेला असतो, तो मुलाखतीच्या दिवशी फाइलला लावायला निघतो. समोरचा माणूस मात्र तोच कागद शांतपणे वाचत असतो. आपल्या कागदाबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असली की आपली बोबडी वळणारच.

त्या कागदात काय बघायचं? या मुलीच्या अभ्यासक्रमात एका पेपरला शंभर गुण होते. त्यातले ६० विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे आणि ४० कॉलेजमध्ये होणाऱ्या अंतर्गत परीक्षेचे. दोन्हीत वेगवेगळं पास व्हायचं, लेखीत २४ आणि अंतर्गतमध्ये १६ तरी हवेत. तुमच्या मुलीच्या कॉलेजात ही वाटणी वेगळी असू शकते, तिच्या गुणपत्रिकेवर बघा. आपला जिल्हा जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतो. पण शेजारच्या गुजरातेत शिकणाऱ्या मुलीही आहेत, त्यांचे नियम निराळे.

आता आपल्या मुलीचे आकडे. पहिल्या सत्रात रसायनशास्त्राच्या लेखीत ६० पैकी १४, अंतर्गतमध्ये ४० पैकी २७. भौतिकशास्त्राच्या लेखीत १९, अंतर्गतमध्ये २५. यातून जाणकार माणूस काय वाचतो? अंतर्गत गुण बरे आहेत, म्हणजे मुलगी वर्गात येत होती, प्रात्यक्षिकं करत होती, वही पुरी करत होती. लेखी गुण पडले, म्हणजे जे समजलं ते तीन तासांत कागदावर उतरवता आलं नाही. हेच उलटं असतं, लेखीत बरे आणि अंतर्गतमध्ये कमी, तर तो म्हणाला असता की ही हजर राहत नसावी. आणि गुणाच्या जागी गैरहजर असा शिक्का असेल तर प्रश्न आणखी वेगळा, पेपरला का बसली नाहीस हा. कागद एकच, पण त्यातून तीन निरनिराळे प्रश्न निघतात. आपल्याला कुठला येणार हे आधी ओळखायचं.

यानंतर आपलं कारण त्या कागदाशी लावून बघायचं. हा भाग मी जरा सावकाश सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे.

या मुलीने मनात धरलेलं उत्तर असं होतं: "आमचं गाव धरणात गेलं, रस्ता नाही, पावसाळ्यात बोट बंद असते, म्हणून मार्क कमी पडले." मणिबेलीबद्दल बाहेरच्यांना थोडंफार ऐकून माहीत असतं. सरदार सरोवराच्या बुडितात आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव ते. १९९४ साली धरणांविषयी जागतिक बँकेला जो जाहीरनामा दिला गेला, त्याला याच गावाचं नाव आहे. त्यामुळे ऐकणारा हळहळतोही. पण तो रसायन कंपनीतला माणूस आहे, कागद वाचतो. तो विचारतो, "कॉलेजात असताना तुम्ही राहत कुठे होता?" ती म्हणते, "नंदुरबारला, वसतिगृहात." मग वर्गात जायला बोट लागत नव्हती. दुसरा प्रश्न, "दुसऱ्या सत्राची परीक्षा कधी झाली?" ती उन्हाळ्यात झाली. मग पावसाळा कुठून आला?

बघा, सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गाव बुडालं, रस्ता नाही, बोटीवर जीव टांगलेला असतो, यातलं काहीच खोटं नाही. पण उन्हाळ्यातल्या रसायनशास्त्राच्या पेपरला ते लागू पडत नाही. मोठं दुःख छोट्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिलं की ते दुःखही हलकं होतं आणि प्रश्नही तसाच राहतो. गावाची गोष्ट सांगायचीच नाही असं मी म्हणत नाही. "तुमच्याबद्दल सांगा" म्हणतील तेव्हा ताठ मानेने सांगावी. इथे नको.

मग खरं काय झालं होतं? त्या मुलीला शेजारी बसवून, घाई न करता विचारलं तर ती सांगते. बारावीपर्यंत सगळं मराठीत होतं. बी.एस्सी.ला पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. वर्गात सर मराठीत समजावत, प्रयोग हाताने करायचा असे, म्हणून ते जमत होतं. लिहायला बसली की वाक्य जुळत नव्हतं. प्रश्न पुरा समजायलाच वेळ जायचा. हे कारण कागदाशी जुळतं: अंतर्गत २७, लेखी १४. आणि दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्र पुन्हा का राहिलं? कारण पहिल्या निकालानंतर तिने अभ्यासाची रीत बदललीच नाही. तीच गाइड, तीच पाठांतराची सवय. आपल्या पदरचा भाग आहे तो हा.

बोटीचं काय? एकदा सप्टेंबरात ती घरी गेली होती, पाऊस लागला, पाच-सहा दिवस परत निघता आलं नाही, आणि भौतिकशास्त्राची एक चाचणी बुडाली. म्हणून त्यात अंतर्गत गुण २५ वर थांबले. त्या कारणाचा आवाका तेवढाच. तेवढ्यापुरतं ते सांगता येतं, पण विचारलं तरच. कारण नापास झाली ती लेखीत.

तेव्हा कारण आणि बहाणा यांतला फरक ओळखायची एक साधी खूण सांगते. कारणाला तारीख असते, विषय असतो, आणि ते जिथे संपतं तिथे संपतं. बहाणा सगळ्या विषयांना, सगळ्या वर्षांना पुरून उरतो. "आमच्याकडे शिक्षणाचं वातावरणच नाही" हे वाक्य घ्या. ते पहिल्या वर्षाच्या ४६ ला लागू पडतं, तर मग तिसऱ्या वर्षीचे ६१ कसे आले? वातावरण तर तेच होतं.

"पेपर नीट तपासला नाही" हे तर पटकन तोंडात येतं. असं होतही असेल. पण मग पुढचा प्रश्न येतो, उत्तरपत्रिकेची प्रत मागितली होती का? विद्यापीठांत निकालानंतर ठरावीक दिवसांत अर्ज करून, फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेता येते, फेरतपासणीही मागता येते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलंय. प्रत मागितली असेल, त्यात चूक सापडली असेल, गुण बदलले असतील तर ते जरूर सांगा, कागद दाखवा. मागितलीच नसेल तर हे कारण मुलाखतीत काढू नका.

आता शब्दांकडे येते. आपल्या मराठीत एक गंमत आहे. नापास होण्याबद्दल बोलताना आपण विषयालाच पुढे करतो. "विषय राहिला", "पेपर गेला", "गणित उडालं", "बॅक लागला". जणू विषय आपल्या पायांनी चालत गेला! घरात असं बोलायला हरकत नाही, सगळेच बोलतात. मुलाखतीत मात्र एक तरी वाक्य ‘मी’ने सुरू झालं पाहिजे. "मी रसायनशास्त्रात दोनदा नापास झाले." म्हणायला जड जातं, पण एकदा म्हटलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण समोरच्याला खणून काढायला काही उरत नाही. पास झाल्याचं सांगताना तर आपल्याकडे आयता चांगला शब्द आहे. "विषय सुटला" म्हणू नका, "विषय काढला" म्हणा. सुटला म्हणजे नशिबाने गेला. काढला म्हणजे मी काढला.

या मुलीचं उत्तर मग साधारण असं होईल. तिने ते आपल्या शब्दांत बोलावं, पाठ करू नये:

"सर, पहिल्या वर्षी मी तीन पेपरांत नापास झाले. दोन रसायनशास्त्राचे, एक भौतिकशास्त्राचा. शाळा मराठीतून होती, त्यामुळे इंग्रजीत उत्तर लिहिणं मला जमत नव्हतं. प्रयोगाचे गुण बरे होते, लेखीत कमी पडले. दुसऱ्या सत्रातही मी तशीच पाठ करत राहिले, म्हणून रसायनशास्त्र पुन्हा राहिलं. मग सुट्टीत मी आधीच्या पाच वर्षांचे पेपर घेतले आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहायला लागले. मैत्रिणीला तपासायला देत होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला तिन्ही पेपर काढले. शेवटच्या वर्षी मला ६१ टक्के आहेत. आता एकही विषय बाकी नाही."

एवढंच. बोलायला मिनिटही लागत नाही. यात काय आहे ते बघा. किती पेपर, हा आकडा पहिल्याच वाक्यात आला. कारण एकच आहे आणि ते गुणपत्रिकेशी जुळतं. स्वतःची चूक एका वाक्यात आहे, तिच्यावर माफीचे हार घातलेले नाहीत. जास्त जागा घेतलीय ती काय बदललं याने, आणि तेही "खूप मेहनत घेतली" असं मोघम नाही. रोज एक उत्तर, घड्याळ लावून, मैत्रिणीकडून तपासून. "खूप मेहनत" कुणालाही म्हणता येते. घड्याळ लावल्याचं तेच म्हणेल ज्याने लावलंय. आणि अर्थात मुलीने यातलं काही केलंच नसेल तर सांगू नये. तिने जे केलं असेल ते सांगावं. एखादी म्हणेल, "सिनिअर ताईकडे रविवारी बसत होते." तेही चालेल.

उत्तर संपल्यावर थांबायचं. मुली इथे घसरतात. समोरचा दोन क्षण गप्प राहिला की यांना वाटतं पटलं नाही, आणि पुन्हा धरण, बोट, आईचं आजारपण सुरू होतं. तो गप्प असतो कारण लिहून घेत असतो.

औषध कंपनीचंच उदाहरण का घेतलं तेही सांगते. तिथल्या प्रयोगशाळेत एक कडक नियम असतो. वहीत चुकीचा आकडा लिहिला गेला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा खालून दिसत राहील. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली ते थोडक्यात. औषध तपासायचं काम, पुसलेल्या आकड्याने कुणाचा जीव जाऊ शकतो. तिथला साहेब जेव्हा विचारतो, "पहिल्या वर्षी काय झालं?", तेव्हा त्याला तुमच्या तीन पेपरांचं फारसं पडलेलं नसतं. ही मुलगी चूक पुसणारी आहे की रेघ मारून सही करणारी, हे तो ऐकत असतो. दवाखान्यात, बँकेच्या कामात, संस्थेच्या हिशेबातही साधारण हेच ऐकतात.

आणि उत्तर चांगलं जमलं की त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, त्याची तयारी लागते. "आमच्याकडे सगळं इंग्रजीत लिहावं लागतं, ते जमेल का?" इथे "हो सर, नक्की" म्हणून भागत नाही, कारण आत्ताच आपण म्हणालो की इंग्रजी लिहिणं अवघड गेलं होतं. "शेवटच्या वर्षाची प्रयोगवही मी आणलीय, ती मी इंग्रजीत लिहिलीय" असं म्हणून वही पुढे करावी. बोलायला अजून अडखळत असेल तर तेही सांगावं: "लिहिता येतं, बोलताना वेळ लागतो." नाहीतर तो पुढचा प्रश्न इंग्रजीतच टाकेल आणि पितळ उघडं पडेल.

दुसरा हमखास प्रश्न नापास झालेल्या विषयातलाच असतो. "रसायनशास्त्र दोनदा द्यावं लागलं ना? मग सांगा, टायट्रेशनमध्ये शेवटचा बिंदू कसा ओळखाल?" हा माणूस खाष्ट आहे म्हणून विचारत नाही. विषय काढलाय की नुसते ४० गुण काढलेत, हे त्याला बघायचं असतं. म्हणून जो विषय राहिला होता त्याचीच उजळणी आदल्या आठवड्यात सगळ्यात जास्त करायची. मुली नेमक्या आवडत्या विषयाची करतात.

अर्जातल्या रकान्याबद्दलही बोलायला हवं. कंपन्यांच्या अर्जात दोन वेगळे प्रश्न असतात. एक, "सध्या किती बॅक बाकी आहेत?" दुसरा, "आजवर एकूण किती बॅक होते?" आपल्या मुलीचं पहिलं उत्तर शून्य, दुसरं तीन. घाईत दोन्हीकडे शून्य लिहिलं की घात होतो. निवड झाल्यावर मूळ कागद तपासतात, तेव्हा सहा सत्रांच्या गुणपत्रिका समोर येतात. तीन पेपरांमुळे न गेलेली नोकरी तेव्हा एका शून्यामुळे जाते. टक्क्यांचंही तसंच. ५३ आहेत तर ५३, ५५ नाहीत. नव्या गुणपत्रिकेवर टक्के नसतात, सीजीपीए असतो. त्याचे टक्के कसे करायचे हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. आपल्या मनाने दहाने गुणू नका, गुणपत्रिकेवर बघा किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागातून लिहून घ्या.

आता काहींचं कारण खाजगी असतं. वडील गेले, स्वतःचं आजारपण, मध्येच लग्न झालं, बाळंतपण आलं. हे बहाणे नाहीत, पण परक्या माणसापुढे सगळं उघडं करायचीही गरज नाही. "चौथ्या सत्रात घरी मृत्यू झाला. त्या परीक्षेला मी दोन पेपरांना बसू शकले नाही. पुढच्या परीक्षेत दोन्ही काढले." तीन वाक्यं पुरतात. कोण, कसं, कशाने हे विचारलं तर "घरचं होतं, सर. आता सगळं सुरळीत आहे" म्हणून थांबता येतं. लग्नाबद्दल, मुलांबद्दल खोदायला लागले तर "कामाच्या वेळा मला जमतील" एवढंच सांगून विषय कामावर आणावा.

आणि ज्यांचा विषय अजून बाकी आहे त्या? त्यांनी "होऊन जाईल" म्हणू नये. हेच वाक्य सगळ्यात बेफिकीर वाटतं. "एक पेपर बाकी आहे, फॉर्म भरलाय, परीक्षा एप्रिलमध्ये आहे" असं म्हणावं आणि फॉर्मची पावती जवळ ठेवावी. फॉर्म भरलेला नसेल तर मुलाखतीआधी तो भरायची सोय बघा, ते उत्तरापेक्षा महत्त्वाचं. लग्नानंतर दोन-तीन वर्षं विषय तसाच पडलेल्या बऱ्याच जणी आहेत. पदवी किती वर्षांत पुरी करायची याला मर्यादा असते, आणि अभ्यासक्रम बदलला की जुन्या पद्धतीच्या परीक्षेच्या संधीही मोजक्याच मिळतात. तेव्हा कॉलेजात जाऊन विचारा: माझा जुना पेपर अजून निघतो का, किती वेळा निघेल, आणि नसेल तर त्याच्या बदली कुठला पेपर द्यायचा? तोंडी उत्तरावर येऊ नका, कागदावर घ्या.

शेवटी गटातल्या बायांसाठी. "आम्हाला कुठे बी.एस्सी. कळतं" म्हणू नका. सराव तुम्हीच घेऊ शकता. गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता चुकलेल्या बाईला आपण विचारतोच ना, का चुकला, कधी भरशील? खरं सांगतेय की गुंडाळतेय हे तुम्हाला दोन वाक्यांत कळतं. तोच कान लावा. पोरीला आधी घरच्या बोलीत सांगायला लावा, कारण रडू येणार असेल तर ते तिथेच येऊन जाईल. मग मराठीत. एकीने फक्त मोजावं की वाक्यात ‘मी’ किती वेळा आलं. दुसरीने बघावं की किती पेपर हा आकडा पहिल्या दमात आला का. तिसरीने मध्येच तोडून विचारावं, "आणि आता?" त्यावर पोरीने लगेच म्हणायला हवं, "आता एकही विषय बाकी नाही," किंवा बाकी असेल तर परीक्षेचा महिना. उत्तर देताना तिची नजर खाली गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार वेळा झालं की ती कंटाळते, आवाज सपाट होतो, आणि तेव्हाच उत्तर तयार झालेलं असतं.